आई, हे पत्र आधी बाबांना दे

ती. बाबा आणि सौ. आईस,
वैशूचा साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तुझ्या हाती लागेल तेव्हा आमची हुतात्मा एक्स्प्रेस सोलापूर सोडून पुढे गेलेली असेल. तू वाचायच्या आधी ते बाबांना दे. मोठ्यानं वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे. मांडवपरतणीला आल्यापासून दोन दिवस बाबांशी निवांत बोलायचं म्हणून मी धडपडतेय, पण घरात पाहुणे, पोरांचा गोंगाट, शेजारच्यांची ये-जा. एवढ्या आवाजात बाबांना एक शब्द धड कळत नाही आणि ते नुसते हसून मान हलवतात. त्यांची ती मान हलवणी मला आता चांगली ओळखता येते. म्हणून सगळे झोपल्यावर लिहायला बसलेय.

बाबा, तुमचे कान कारखान्यात गेले. हे वाक्य आपल्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. ‘त्यांना जरा कमी ऐकू येतं’ एवढंच आपण म्हणत आलो. आज मी ते सरळ लिहितेय, कारण उद्यापासून तुमचं-माझं बोलणं बरंचसं फोनवर होणार आणि फोन हीच तुमच्यासाठी सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

लहानपणी शाळा सुटली की आई मला तुमचा डबा घेऊन अक्कलकोट रोडला पाठवायची. शेडच्या दारात पाऊल टाकलं की आवाज अंगावर यायचा, छातीत धडधडायचं. मी दारातच थांबायचे. तुम्ही दोन मागांच्या मधल्या बोळात उभे असायचात, केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी लव. तुम्ही मला हाक मारायचा नाहीत, कारण तिथं हाक मारून उपयोगच नसतो. अंगठा ओठांना लावला की चहा. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की तार तुटलीय, थांब. तळहात खाली दाबला की तिथंच बस. त्या खुणा मी वर्णमालेच्या बरोबरीनं शिकले. पलीकडच्या मागावरचे काका तुमच्याशी तोंड हलवून बोलायचे आणि तुम्ही त्यांच्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचात. तेव्हा मला वाटायचं की विणकरांची ही काहीतरी खास विद्या आहे. ती होतीच खास, पण ती शिकायची पाळी तुमच्यावर का आली हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

एकदा तुम्ही मला मागाजवळ उभं करून दाखवलं होतं. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो, तिकडे आपटतो, तिकडून पुन्हा मारला जातो, मिनिटाला शंभराच्या वर वेळा. आवाज होतो तो मुख्यत्वे त्या मारण्या-आपटण्याचा. वर जॅकार्डची पुठ्ठ्याची कार्डं एकामागून एक फिरत असतात. भोक असेल तिथली तार उचलली जाते, नसेल तिथली खालीच राहते, आणि खाली चादरीवर हळूहळू मोराची मान दिसायला लागते. मी मोराकडे बघत होते आणि तुम्ही सांगत होतात की बाण्याचा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो, पण आपल्या जुन्या मागावर ताण्याची तार तुटली तर तो थांबत नाही. ती डोळ्यांनीच पकडावी लागते, नाहीतर चादरीत लांबलचक रेघ पडत जाते. तुम्ही बोलताबोलता मागाच्या लाकडावर हात ठेवलात आणि काही न बघता म्हणालात, ‘पलीकडचा माग नीट चालत नाहीये.’ खरंच चालत नव्हता. हाताला कळलं होतं तुमच्या. कानानं जे कळायचं ते तुम्ही तेव्हापासूनच तळहातावर घेत होतात, बाबा.

सोलापुरी चादर म्हटलं की लोक भौगोलिक मानांकनाचं कौतुक करतात. मलाही अभिमान आहे. पण कुणी माझ्यासमोर चादर उलगडून तिचा रंग नि नक्षी बघायला लागलं की मला आधी तुमच्या शेडचा आवाज आठवतो. माझी फी त्या आवाजातून आली आहे. बी.कॉम.ची, टॅलीच्या क्लासची, अकरावीत घेतलेल्या त्या सायकलचीसुद्धा.

सात आणि आठवरून आपल्या घरात किती गोंधळ झाले! मी ‘सात वाजता येते’ म्हणायचे, तुम्ही आठपर्यंत निश्चिंत आणि आई सातपासून दारात. भात म्हटलं की तुम्ही हात पुढे करायचात. आम्ही हसायचो, तुम्हीही हसायचात. आणि आवाज चढवून बोललं की तुम्ही चिडून म्हणायचात, ‘ओरडू नको, नीट बोल.’ आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, असं कसं, हे मला उमगत नव्हतं. सिव्हिलमध्ये तुमची ऑडिओमेट्री केली तेव्हा त्या ताईंनी आलेख माझ्यासमोर धरला. डाव्या बाजूला, म्हणजे जाड, घोगऱ्या आवाजांकडे, रेघ बऱ्यापैकी वर होती. उजवीकडे बारीक आवाजांकडे जाताना ती घसरत गेली होती आणि 4000 हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा होता. त्या म्हणाल्या की कारखान्यातल्या आवाजानं गेलेल्या कानांचा आलेख असाच दिसतो. ‘आ’ ऐकू येतो, कारण तो जाड आणि जोरकस असतो. त्याच्या आजूबाजूचे स, त, फ, श हे बारीक असतात, ते गळून जातात. मग सात काय, आठ काय नि हात काय, तुमच्यापर्यंत नुसता ‘आ’ पोचतो आणि बाकीचं तुम्ही अंदाजानं जोडता. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज मुळातच बारीक, म्हणजे घरात सगळ्यात अवघड माझा आवाज.

मी त्या ताईंना विचारलं, औषध? त्यांनी समजावून सांगितलं की कानाच्या आत ज्या बारीक केसांसारख्या पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कायद्यात कामगारासाठी आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा आहे आणि धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज त्याच्याही वर जातो. तुम्ही तिथं तीस वर्षांहून जास्त उभे राहिलात. रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात रातकिडे ओरडतात असं तुम्ही आईला सांगायचात आणि ती खिडकी लावून घ्यायची. ते किडे खिडकीबाहेर नव्हतेच. तेही त्याच दुखण्याचं लक्षण.

घरी येताना रिक्षात तुम्ही मला म्हणालात, ‘पोरीला सांगू नका म्हणलं असतं मी, पण तूच बरोबर आलीस.’ मला तेव्हा काहीच बोलता आलं नाही. आज बोलते. बरं झालं मी आले.

बाबा, गड्ड्याच्या जत्रेची तुम्हाला आठवण असेल. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, सात नंदीध्वज ओळीनं उभे, पांढऱ्या बाराबंद्यांची एवढी गर्दी की तलावाकाठी पाय ठेवायला जागा नाही. मी तुमच्या खांद्यावर. कर्ण्यातून संमती वाचली जायची ती तुम्हाला नीट कळायची नाही, म्हणून ‘सत्यम सत्यम’ आलं की मी तुमच्या डोक्यावर टपली मारायचे आणि तुम्ही अक्षता टाकायचात. मला ते फार मोठं काम वाटायचं. आणि परवा माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी अंतरपाटाच्या कडेनं तुमच्याकडे बघत होते. तुम्ही भटजींकडे बघत नव्हतात. तुमची नजर मामाच्या हातावर होती. त्याची मूठ उघडली की तुमची उघडायची. प्रत्येक ‘सावधान’ला तुमच्या अक्षता सगळ्यांच्या बरोबरच पडल्या, एकदासुद्धा मागं राहिल्या नाहीत. तुम्हाला एक शब्द ऐकू येत नसणार त्या ताशात आणि सनईत, तरी कुणाला जाणवू दिलं नाहीत. मला तिथंच रडू आलं, आणि बायका म्हणाल्या की माहेर सुटतंय म्हणून रडतेय.

आता आई, तुझ्याशी.

तू आयुष्यभर विड्या वळल्यास, आणि त्याच्या जोडीला बाबांचे कान झालीस. मी तुला दारात बसलेलीच आठवते, मांडीत सूप, त्यात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात भिजवलेली पानं. फर्मा ठेवून पान कापायचं, चिमटीनं तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा. सूप खाली न ठेवता तू माझे पाढे घ्यायचीस, दूधवाल्याशी हिशेब करायचीस, आणि बाबांना कुणी काही विचारलं तर बाबांच्या आधी उत्तरही द्यायचीस. पान चांगलं नसलं की विड्या छाटीत जायच्या, त्या रात्री तू जेवताना गप्प असायचीस. पण विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती आहे हे तुला ब्रँचमध्ये कुणीतरी सांगितलं आणि त्यानंतर दर वर्षी तो फॉर्म, तुझं ओळखपत्र, माझी गुणपत्रिका, बँकेचं पासबुक घेऊन तू स्वतः रांगेत उभी राहिलीस. त्या दिवशीच्या विड्या बुडायच्या, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडायची. ते पैसे माझ्या खात्यावर आले की तू ते दोनदा मोजायला लावायचीस. कॉलेजात कुणी विचारलं तर मी ‘आई विड्या वळते’ असंच सांगायचे, आणि सांगताना मला तुझी बोटं दिसायची, दोऱ्यानं चिरा पडलेली.

तुझ्याकडे मला एक मागायचंय. बाबांच्या वतीनं उत्तर देणं आता थोडं कमी कर. तू ते मायेनं करतेस, त्यांना चारचौघांत अवघड होऊ नये म्हणून. पण लोकांना सवय लागलीय, ते बाबांकडे बघतच नाहीत, थेट तुला विचारतात. दुकानदार, डॉक्टर, माझ्या सासरची माणसंसुद्धा. आणि बाबा हळूहळू बोलायचेच कमी झालेत. कुणी काही विचारलं तर तू बाबांच्या हाताला हात लाव, त्यांनी तुझ्याकडे बघितलं की तोच प्रश्न त्यांना समोरून सावकाश सांग आणि उत्तर त्यांना देऊ दे. वेळ लागेल. लागू दे.

फोनचं असं करायचं. आवाजी फोन करायचा नाही, व्हिडिओ कॉलच करायचा, कारण बाबांना ओठ दिसले की निम्मं बोलणं कळतं. मी खिडकीकडे तोंड करून बसेन म्हणजे चेहऱ्यावर उजेड राहील. इकडे टीव्ही बंद, पंखा शक्य असेल तर कमी. मी ओरडणार नाही, कारण ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात आणि आवाज फाटतो. सावकाश आणि पूर्ण वाक्य बोलेन. एखादा शब्द कळला नाही तर तोच दहा वेळा सांगण्यापेक्षा दुसऱ्या शब्दात सांगेन. वेळ, तारीख, पैसे, औषधाचं नाव असल्या गोष्टी मी मेसेज करून पाठवेन, सात-आठचा घोळ नको. आणि बाबा, पाळी सुटल्या सुटल्या मला फोन करू नका. शेडमधून बाहेर पडल्यावर काही तास कान आणखी बधिर असतात, तुम्हीच म्हणता ना की संध्याकाळी डोकं गुंगतं. जेवण झाल्यावर करा, किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी, तेव्हा कान त्यातल्या त्यात ताजे असतात. खुणा आहेतच आपल्या. अंगठा ओठांना लावलात की मी समजेन चहा झाला.

श्रवणयंत्राचं मी ओंकारला सांगून ठेवलंय. माझ्या पगारातून बाजूला काढलेले पैसे त्याच्याकडे दिलेत, आता ‘लग्नाचं होऊ दे मग बघू’ हे कारण उरलेलं नाही. यंत्र तुमच्या आलेखाप्रमाणे बसवून घ्यायचं, दोन्ही कानांना. दुकानात मिळतं ते सगळे आवाज सरसकट मोठे करणारं स्वस्त खोकं घ्यायचं नाही, त्यात भांडी आपटल्याचा आवाज तेवढा वाढतो आणि माणूस यंत्र काढून कपाटात ठेवतो. पहिले काही आठवडे त्रास होईल. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटेल, पेपर चुरगळला तरी दचकायला होईल. तेव्हा आधी घरात, शांत खोलीत, आईशी बोलताना थोडा वेळ घाला आणि रोज थोडा वेळ वाढवा. यंत्रानं कान पहिल्यासारखे होणार नाहीत, त्या ताईंनी हेही स्पष्ट सांगितलंय. पण स आणि त तुमच्यापर्यंत पुन्हा पोचायला लागतील. महिनाभरानं एकदा जाऊन आवाज जुळवून घ्यायला विसरू नका.

कारखान्यात मात्र यंत्र घालायचं नाही, तिथं ते आवाज वाढवेल. तिथं फोमचे बोळे. तुम्ही जो सुताचा बोळा कानात कोंबता त्यानं जवळजवळ काहीच अडत नाही. पिशवीत फोमच्या बोळ्यांच्या जोड्या ठेवल्यात. बोळा दोन बोटांत गोल फिरवून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. काल रात्री मी तुम्हाला करून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आता काय राहिलंय वाचवायला. राहिलंय, बाबा. जे ऐकू येतं तेवढं तरी राहिलंच पाहिजे. आणि ओंकार अधूनमधून तुमच्या हाताखाली माग शिकायला येतो, त्याच्या कानात पहिल्या दिवसापासून बोळे हवेत. हे मी त्याला दम देऊन सांगितलंय, तुम्हीही सांगा. तुमचं तो ऐकतो.

बाकी घरचं फार नाही. गॅसचा नंबर ओंकारच्या फोनवर टाकलाय. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं तेव्हा आईनं एकटीनं पिंप उचलायचं नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तू एवढी दिलीयस की अभिजित म्हणाला पुण्यात दुकान टाकू. सासूबाई फोनवर म्हणाल्या की कडक भाकरी दुधात कुस्करून त्यांना फार आवडते, तेव्हा पुढच्या वेळी त्यांच्यासाठी वेगळी बांध. माझ्या घरी मला समजून घेणारी माणसं आहेत, माझी काळजी तुम्ही दोघांनीही करू नका. अभिजित तुमच्याशी बोलताना आपोआप समोर येऊन बोलतो, हे तुम्ही बघितलंत का? मी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं तुम्हाला पहिल्या भेटीतच ओळखलं.

तुम्ही दिलेली चादर मी नेतेय. मोराची, तुमच्या मागावरची. कारखान्यात पैसे भरून आणलीत हे आईनं मला सांगितलंय, रागवू नका तिच्यावर. पहिल्यांदा वेगळी, गार पाण्यात धुवायची, लक्षात आहे.

परवा गाडीत बसताना सगळ्या बायका मला मिठी मारत होत्या आणि तुम्ही लांब, मांडवाच्या खांबापाशी उभे होतात. जवळ यायचं तुम्हाला होईना. मी काचेतून बघितलं तेव्हा तुम्ही तळहात खाली दाबलात. कारखान्यातल्यासारखा. थांब, तिथंच बस. गाडी तर निघालेली होती. मी तुम्हाला अंगठा ओठांना लावून दाखवला, तो तुम्हाला दिसला की नाही कोण जाणे. दिसला नसेल तर सांगते, मी विचारत होते की तुम्ही सकाळपासून चहा तरी घेतलाय का. लग्नघरात मुलीच्या बापाला कुणी विचारत नाही.

आई, बाबा, तुम्ही मला कधी काही कमी पडू दिलं नाही, आणि ते कशातून आलं हे मी रोज डोळ्यांनी बघितलंय. मी ते विसरणार नाही. संक्रांतीला आम्ही दोघं येतोय, भोगीच्या आदल्या दिवशीच पोचू. अभिजितला अक्षता सोहळा बघायचाय. बाबा, तुम्ही त्या दिवशी सुट्टी मागून ठेवा, तोवर यंत्राची सवय झालेली असेल. आणि उद्या रात्री जेवण झाल्यावर कॉल करा, मी खिडकीपाशी बसलेली असेन.

तुमची,
वैशू